अनंताचे बत्तासे

अंधेरीच्या अनंत गुप्त्याला हिमालयात जाऊन आल्याबद्दल कुणी शाबासकी दिली की तो विषय बदलत असे. लोकांना तो विनय वाटे. खरं कारण घाटकोपरला राहत होतं, आणि त्याचं नाव लवू परब.

दोघे शाळेपासूनचे मित्र. अनंत विमा कंपनीत कारकून, लवू गिरणीच्या हजेरीखात्यात. हरेक रविवारी ते कुठला ना कुठला डोंगर गाठायचे. सन चोपन्नच्या हिवाळ्यात त्यांच्या गिर्यारोहण मंडळाने मे महिन्यात हिमालयात एक जोडी न्यायचं ठरवलं. चाचणी सोपी होती. मुलुंडहून डोंगर ओलांडून कान्हेरीच्या लेण्यांशी यायचं, तेही दोघांनी मिळून. मंडळाचे माणिकराव तिथे तीनपर्यंत थांबणार होते. बर्फ बघायचा हे लवूचं लहानपणापासूनचं वेड, म्हणून अनंताने अर्ज दोघांच्या नावाने केला होता.

मुलुंडला उतरल्यावर लवूच्या पिशवीतून फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी डोकावली.

"हे काय रे? डोंगर चढायचाय, शेत नांगरायचं नाहीये," अनंत हसला. "मी तर नुसता चहा पिऊन आलोय. रिकामं पोट, हलकं अंग. ताकद हवी तर ही बघ." त्याने बत्ताशांची पुडी आणि ग्लुकोजचा डबा दाखवला.

"तुझा तू खा. माका भाकरी लागता," लवू म्हणाला. त्याची न्याहारीही भाकरी आणि काळ्या चण्याच्या उसळीची झाली होती. पण उरलेली बांधून आणल्याची त्याला आता लाज वाटली. त्याने ती पिशवीच्या तळाशी सारली.

पहिला चढ अनंत जवळजवळ पळतच चढला. वर टेकून त्याने दोन-चार बत्तासे लवूच्या हातावर ठेवले, मूठभर स्वतःच्या तोंडात टाकले, ग्लुकोजचं पाणी प्यायला आणि पुन्हा निघाला. थोड्या वेळाने त्याचे पाय जड झाले. पुन्हा बत्तासे, पुन्हा थोडी तरतरी, पुन्हा तेच. दरवेळी ती तरतरी आधीपेक्षा लवकर ओसरत होती. डोंगराच्या दुसऱ्या धारेवर त्याला थंड घाम फुटला, हात थरथरू लागले.

"अन्या, बस जरा."

"बस काय बस? तुझ्यामुळेच उशीर होतोय!" अनंत खेकसला. लवू तर त्याच्या मागे एका चालीने येत होता. एवढं बोलून अनंत स्वतःच मटकन खाली बसला.

बत्तासे संपले होते. लवूने ग्लुकोजचा उरलेला घोट त्याला पाजला आणि थरथर थांबल्यावर फडकं सोडलं. "आता ही खा. चावून खा. हसलास तर उरलेली मी खाईन."

अनंत हसला नाही. भाकरी, चटणी, मूठभर शेंगदाणे, असं सावकाश सगळं पोटात गेलं.

"बत्तासे तर तूही खाल्लेस की दोन-चार," तो म्हणाला. "तुला कसं काही झालं नाही?"

लवूने फडक्याची घडी घातली. "माझ्या पोटात सकाळची भाकरी होती ना. चुलीत नुसता कागद घातला तर भडका होतो, पण भात शिजत नाही. कागदाने पेटवायचं, पुढे लाकूडच लागतं." मग हळूच म्हणाला, "पहिल्या चढावरच द्यायला हवी होती रे तुला. तू हसलास म्हणून काढली नाही."

अन्न अंगी लागेपर्यंत थांबावंच लागलं. लवू मध्येच उठून कान्हेरीच्या दिशेने बघून येई. एकटा गेला असता तर तो वेळेत पोहोचला असता, पण एकट्याला गुण नव्हते, आणि असते तरी तो गेला नसता. मग दोघे निघाले. अनंत पुढे कुठेही अडखळला नाही. वाटेत थोडे थोडे दाणे खात तो शेवटपर्यंत सारख्याच चालीने चालला.

लेण्यांशी पोहोचले तेव्हा माणिकराव निघून गेले होते. मोहिमेला बोरीवलीची एक जोडी गेली.

"पुढच्या वर्षी," अनंत म्हणाला.

पुढच्या वर्षी लवूचे वडील अंथरुणाला खिळले. त्याने रजेचा विषयच काढला नाही. अनंताची निवड दुसऱ्या जोडीदाराबरोबर झाली. तो जाणार नाही म्हणत होता, पण लवूने घरी येऊन त्याला दटावलं, "दोघेही घरी बसून काय करायचं? जा, आणि भाजलेले चणे घेऊन जा, येड्या."

परत आल्यावर अनंत घाटकोपरला गेला. लवू वडिलांना पेज भरवत होता. चमचा खाली न ठेवताच त्याने विचारलं, "बर्फ हातात घेतला की कसा लागतो रे?"

अनंताने पेजेची वाटी उचलून त्याच्यापुढे धरली. मग तो म्हणाला, "काही विशेष नाही. थंड."

"असं," लवू म्हणाला आणि पुढचा चमचा त्याने फुंकून गार केला.