चौथा मासा सरळ कसा आला

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे धाकटीच म्हणतात. ती संगणकावरचे खेळ बनवते. मी विजेच्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. शाळा मी नववीत सोडली, पण जळालेली मोटर नुसती वासावरून सांगतो की कुठल्या गुंडाळीत घोळ आहे. आमच्या भागात हे दुसऱ्या कुणाला जमत नाही. जमतं म्हणणारे दोघं आहेत, त्यांनी बिघडवलेल्या मोटारी माझ्याकडेच येतात.

धाकटी लहानपणी शाळेतून थेट दुकानात यायची आणि वेढे मोजायची. तार गुंडाळताना एका हाताने ताण धरावा लागतो. जास्त ओढली की तुटते, ढिली सोडली की गुंडाळी फुगते. हे मी तिला शिकवलं. ती नंतर पुष्कळ शिकली, मोठी पुस्तकं वाचली, पण ताण म्हणजे काय हे तिला माझ्याकडून मिळालं, हे ती स्वतः सांगते. कमी सांगते, पण सांगते.

तिचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. अकरा माणसं, एक खिडकी, आणि चहाच्या कपांवर धाकटी सोडून प्रत्येकाचं चित्र. तिथे एक मोठा खेळ बनत होता. एक माणूस नदीकाठच्या गावात परत येतो, अशी त्याची गोष्ट. त्या खेळाच्या आत मासेमारीचा एक छोटा खेळ होता, तो धाकटीकडे. सहा महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं होतं, तेवढ्यासाठीच. मासेमारी ठेवली तर ती राहणार. काढली तर तीही जाणार.

आणि मासेमारी काढायचं चाललं होतं.

कारण असं. खेळ तयार होत आला की बाहेरच्या लोकांना खेळायला देतात आणि त्यांच्याकडून मतं लिहून घेतात. चौदा जणांनी खेळून पाहिलं. चौदांपैकी बारा जणांनी एकच लिहिलं: सगळे मासे सारखेच वाटतात, कंटाळा येतो.

धाकटी घरी आली ती बॅग फेकतच. "दादा, त्यांनी खेळलंच नाही! मला खात्री आहे. एकमेकांचं बघून लिहिलंय."

"कोण आहेत हे चौदा जण? कुणी आणले?"

"टोपीवाल्याने." टोपीवाला म्हणजे तिचा वरिष्ठ. घरातसुद्धा टोपी काढत नसावा.

"मग तोच. त्याला तुला काढायचंय, आणि कारण पाहिजे."

"तू सगळ्यांवर संशय घेतोस."

"आणि बरोबर निघतो."

माझी बायको मध्येच बोलली, "मागच्या महिन्यात दूधवाल्यावर घेतला होता. आपलंच मांजर निघालं."

धाकटीने तो चाचणीचा खेळ माझ्या जुन्या संगणकावर टाकला आणि कंट्रोलर हातात दिला. "तू खेळ. तुला मासे कळतात. खरं सांग."

मासे मला कळतात यात वाद नाही. सुट्टीच्या दिवशी तळ्यावर माझी जागा ठरलेली आहे, तिथे दुसरं कुणी बसत नाही.

तिचा खेळ असा. गळ टाकायचा आणि तरंग्याकडे बघत थांबायचं. तरंगा बुडाला की बटण दाबायचं, पण ठरलेल्या वेळात. लवकर दाबलं तर मासा बुजून पळतो, उशीर झाला तर आमिष खाऊन जातो. गळ लागला की दुसरं बटण दाबून दोरी गुंडाळायची. दाबून धरलं की ताण चढतो, सोडलं की उतरतो. बाजूला पट्टी असते, हिरवी, पिवळी, लाल. लाल टोकाला पोचली की दोरी तुटली. फार वेळ ढिली ठेवली तर गळ सुटतो. मासा ओढत राहिला की दमतो, आणि दमला की गुंडाळायचा.

मासे तीन जातींचे, नावं तिनेच ठेवलेली. चंदेरी छोटी, पटकन तोंड मारते, अर्ध्या सेकंदाचीसुद्धा मुभा देत नाही. बारीक बारीक हिसके देते आणि लवकर दमते. मिशाळ तळाचा. दोनदा खोटं ओढून बघतो, तिसऱ्यांदा खरं खातो, आणि मग दगडासारखा बसून राहतो. आणि पट्टेवाला! तो लांब पळतो, थांबतो, तुम्हाला वाटतं दमला, तेवढ्यात पाण्याबाहेर उडी मारतो. उडीच्या क्षणी दोरी सोडली नाही तर संपलं.

त्या संध्याकाळी मी खेळलो आणि धाकटीला सांगितलं, "पहिल्या फटक्यात पट्टेवाला काढला."

ती खूश झाली. म्हणाली, "बघ! तुला फरक कळला ना?"

"कळला तर काय."

खरं सांगायचं तर कळला नव्हता. आणि पहिल्या फटक्यातही काढला नव्हता. ओळीने तीन वेळा दोरी तुटली होती. चौथ्या वेळी पट्टेवाला आला तो ओल्या पोत्यासारखा. उडी नाही, पळणं नाही. नंतर मिशाळ, नंतर चंदेरी, सगळे तसेच सरळ आले. मला वाटलं, हात बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून मी परत खेळ सुरू केला. आणि तोच पट्टेवाला जिवंत! अशी उडी मारली की दोरी तटकन गेली. आज हात उठला होता म्हणावं, तर काल कसा बसला होता? मग मुद्दाम अजून दोनदा तोडून घेतली. चौथा मासा लागला. मी बटण दाबलं आणि सोडलंच नाही. सोडलंच नाही! पट्टी पिवळ्यावर गेली आणि तिथेच थांबली. मासा आला.

तार गुंडाळताना अशी गोष्ट झाली तर मी काय म्हणेन? ताण धरलाय आणि बोटाला काही कळत नाही, म्हणजे तार आधीच कुठेतरी तुटलेली आहे. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि माझा पहिला संशय धाकटीवर गेला. हिने आपल्या भावाची दया येऊन मागून काहीतरी ढिलं केलंय. मला मासा वाढून दिलाय!

ती जेवायला बसल्या बसल्या मी विचारलं, "मला हरल्यावर मदत करायचं काही घातलंयस का त्यात?"

"नाही."

"शपथ?"

"दादा, असलं मी करत नाही. हरला तर हरला. पण तुला का वाटलं? तुझी तर दोरी तुटलीच नाही."

आता आली पंचाईत. मी पंख्याकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं आधीच कळलेलं असतं.

"तीनदा तुटली," मी म्हणालो. "ओळीने. दोन्ही दिवशी. आणि तिसरीनंतर मासे मेलेले येतात."

धाकटी हसेल म्हणून मी तयार होतो. ती हसली नाही. पोळीचा घास हातातच राहिला. "माझी कधी तीनदा तुटतच नाही," ती हळूच म्हणाली. "मला सगळे मासे पाठ आहेत. मी आजवर ओळीने तीन हरलेच नाहीये."

बाकीच्या माणसांच्या दोऱ्या मात्र पहिल्या दहा मिनिटांत तीनदा तुटणार. नवीन माणूस आहे, तुटणारच. आणि त्यानंतर खेळ बंद करेपर्यंत सगळे मासे पोत्यासारखे येणार. बारा जणांनी खोटं लिहिलं नव्हतं.

निकाल गुरुवारच्या बैठकीत होता. मी पण गेलो. बोलावलं नव्हतं, पण गेलो.

टोपीवाला म्हणाला, "घरच्या माणसाचं मत कसं धरायचं?"

मी म्हणालो, "साहेब, धरू नका. बघा." आणि त्या अकरा माणसांसमोर मी तीनदा दोरी तोडली. चौथ्याला बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने चहा प्यायलो. मासा आला.

एक जण म्हणाला, "तीनदा तुम्ही मुद्दाम तोडलीत."

"आज मुद्दाम तोडली," मी म्हणालो. "परवा घरी खरीच तुटली होती." हे बोलताना काय वाटलं ते माझं मला माहीत.

धाकटीने कुणी कधी काय बदललं त्याची नोंद उघडली. तिच्या भागात काहीच सापडलं नाही. सापडलं ते गोष्टीच्या भागात. पाच आठवड्यांपूर्वी मंगळवारी घातलेला एक नियम: ओळीने तीन वेळा दोरी तुटली की माशाचा जोर काढून टाकायचा. शेजारी लिहिलं होतं, तात्पुरतं. नाव गोष्टवाल्याचं. हा गावाची गोष्ट आणि नावेचे प्रसंग बसवणारा, गोल चेहऱ्याचा, फार गोड बोलणारा.

"अरे देवा," तो म्हणाला. "मासेमारीनंतर नावेचा प्रसंग आहे. तो तपासायला मला दरवेळी एक मासा पकडून पुढे जावं लागायचं. मला पकडता येत नाही! म्हणून घातला, फक्त माझ्यासाठी. काढायचा विसरलो."

धाकटी म्हणाली, "होतं असं."

मी तसं म्हणालो नाही. मासेमारी गेली तर खेळातली तिची जागा याच्याच नावेला मिळणार होती, हे मला दिसत होतं. "साहेब, याला खेळायला बसवा. नियम काढून. येत नाही म्हणतो ना?"

"दादा!" धाकटीने माझा दंड धरला.

"बसवा तर."

धाकटीने नियम काढला, गोष्टवाला बसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, चेहऱ्याने माणूस शेंडी लावतो. मी अंगठा बघत होतो. येत असून मुद्दाम हरणाऱ्याचा अंगठा बरोबर वेळेला जरासा उठतो आणि मग दाबला जातो. ते लपत नाही.

त्याची पहिली दोरी गेली. तिसरी गेली. सातवी गेली. मिशाळच्या पहिल्या खोट्या ओढीला तो दरवेळी बटण दाबत होता, दरवेळी मासा पळत होता. पट्टेवाला उडी मारायचा तेव्हा हा घाबरून अजून जोरात दाबायचा. दारावरची बेल दाबतात तसा अंगठा. अकराव्या दोरीला त्याच्या कपाळाला घाम आला आणि तो मिशाळला जे बोलला ते इथे लिहिता येत नाही.

इतकं वाईट कुणाला सोंग करून जमत नाही. मी त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला. "विसरलाच असशील," मी म्हणालो.

टोपीवाल्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "हा मिशाळ आणि तो पट्टेवाला एकसारखे आहेत असं आता कोण म्हणेल?" तो धाकटीला म्हणाला. "परत चौदा जणांना द्या. नवीन चौदा."

पुढच्या आठवड्यात कागद आले. एकाने लिहिलं होतं, मिशाळ कपटी आहे. एकीने लिहिलं होतं, चंदेरीसाठी माझे डोळे कमी पडतात. तिघांनी चिडून मध्येच सोडलं होतं, म्हणून धाकटीने बसून पट्टेवाल्याच्या उडीआधी दोरीला एक छोटी थरथर घातली, म्हणजे लक्ष देणाऱ्याला आधी कळावं. जोर मात्र तसूभर कमी केला नाही. मासेमारी राहिली. सहा महिन्यांची बोली संपली त्या दिवशी टोपीवाल्याने तिला कायम नोकरीचं पत्र दिलं, आणि कपावर तिचं चित्र काढून घेतलं.

गोष्टवाला आता दर शनिवारी माझ्या दुकानात येतो. मी त्याच्या हातात तार देतो आणि गुंडाळायला लावतो. आतापर्यंत नऊ वेळा तोडलीय.