‘न झाल्यास’चा रकाना

रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी मी हस्तांतरणाची टिपणी लिहिली. जालना एमआयडीसीतल्या बियाणे प्रक्रिया कारखान्यात रंगानुसार दाणे वेगळे करणारे नवे यंत्र बसवण्याचे काम माझ्याकडे होते. कित्येक महिन्यांपासून मला कशाचेच काही वाटेनासे झाले होते. पत्नीने आग्रहाने डॉक्टरांकडे नेले आणि त्यांनी तीन आठवड्यांची विश्रांती लिहून दिली. त्याचेही मला काही वाटले नाही.

टिपणी नीटनेटकी झाली होती. कॉम्प्रेसरची हवा कोरडी करणारे उपकरण अजून यायचे होते. ते आल्याशिवाय यंत्र चालवू नये, असे मी ठळक लिहिले. वाढीव वीजभाराची मंजुरी बाकी होती. यंत्र पुरवणाऱ्यांचा माणूस चाचणीला कधी येणार, हे ठरायचे होते. शेवटी प्रलंबित निर्णय, आणि त्यांत सर्वांत खाली एक ओळ: ‘निवड-टेबलावरील महिलांच्या कामाचा ठेका: निर्णय प्रलंबित.’ या बायका टेबलाभोवती बसून हाताने बी निवडत; ते काम आता यंत्र करणार होते.

रजेत माझे काम सांभाळणारी तरुण अभियंता समोर बसून पेन्सिलीने एकेक ओळ तपासत होती. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली.

“सर, प्रलंबित निर्णयांना एक रकाना वाढवू का? निर्णय न झाल्यास काय होईल, असा?”

“वाढवा.”

“वीजभार नाही मिळाला तर चाचणी पुढे जाईल, हे मी लिहिते. आणि हे ठेक्याचं?”

तिने फाईल काढून कामाचा आदेश पाहिला. “महिनाअखेर मुदत संपते. म्हणजे कोणी काहीच केलं नाही, तर बायकांचं काम आपोआप बंद.” मग जरा चाचरत म्हणाली, “तेव्हा तुम्ही रजेवर असाल. बायका मलाच विचारतील.”

मी खोटे काही लिहिले नव्हते. निर्णय खरोखरच प्रलंबित होता. पण मुदतीची तारीख मला ठाऊक होती, आणि ती मी टिपणीत घातली नव्हती. कोणालाही ‘नाही’ म्हणावे लागू नये, निदान मला तरी, अशा बेताने ती ओळ तयार झाली होती. हे ध्यानात आल्यावर शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. तरी मी खुर्चीतून उठलो.

मी कारखानाप्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, “अहो, तुम्ही आराम करायला चाललात ना? आल्यावर बघू.”

“आल्यावर बघायला ठेका उरणार नाही, साहेब. यंत्राने बाजूला टाकलेल्या मालात चांगला दाणाही जातो. तो हाताने पुन्हा निवडायला माणसे लागतील. किती, ते चाचणीशिवाय सांगता येत नाही.”

“मग तसं लिहून द्या. पण स्वतःच्या नावानं. उद्या मुख्य कार्यालयानं विचारलं, तर मी तुमच्याकडं बोट दाखवीन.”

मी लिहून दिले. चाचणी होऊन मी शिफारस सादर करेपर्यंत सर्वांचा ठेका वाढवावा, जबाबदारी माझी. त्यांनी खाली सही केली आणि वर न पाहता कागद परत सरकवला. शिफारशीत किती जणींची नावे राहतील, हे मला त्या वेळीही माहीत नव्हते.

बायकांना ही गोष्ट माझ्या माघारी, टिपणीतून कळू नये, एवढे तरी करावे म्हणून मी निवड-टेबलापाशी गेलो. तिथल्या सर्वांत जुन्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या कपाशीचे बी निवडत होत्या. मान वर झाली, बोटे थांबली नाहीत.

“काय, साहेब? मशीन सुरू करून राह्यले का?”

“अजून नाही. तुमचं काम या महिन्यात संपणार होतं, मावशी. ते वाढवून घेतलंय.”

“ते ठाऊक हाय आमाला. ठेकेदार कवाच बोलला. कुठलोक वाढलं?”

“चाचणी होऊन मी परत येऊन कागद देईपर्यंत.”

“आन् मंग?”

“सगळ्यांना ठेवता येईल असं वाटत नाही. काहींना तरी ठेवा, असं मी लिहिणार आहे.”

मग मावशी शेजारणीकडे वळून म्हणाल्या, “म्हंजी साहेब यायचेत तवर आपलं बराबर चालू. मंग सावकाश या, साहेब. काय घाई न्हाई बगा. चांगलं महिना-दोन महिने निजा.”

सगळ्या हसल्या. मलाही हसायचे होते. ओठ हलले, पण हसू आले नाही, आणि ते मावशींनी पाहिले.

“तब्येत बिलकुल बरी न्हाई वाटतं तुमची,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या आणि पुन्हा दाणे निवडू लागल्या.

कार्यालयात येऊन मी त्या ओळीपुढच्या ‘जबाबदार व्यक्ती’च्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. रजेवरच्या माणसाचे नाव तिथे घालत नाहीत. माझ्या तरुण सहकारिणीने ते वाचले आणि माझ्या सहीशेजारी आपली सही केली.