कमरेवरची घागर

नववीत माझ्या अंगात विज्ञान जरा जास्तच शिरलं होतं. आमच्या चाळीच्या नळावर आई भरली घागर कमरेवर घेऊन शेजारणीशी बोलत उभी होती. मी शहाणी म्हणाले, “आई, घागर जागची हललीच नाही. तुझं कार्य शून्य!”

“व्हय? मग तूच धर की.” घागर माझ्या कमरेवर आली आणि गप्पा आणखी लांबल्या. माझे हात थरथरायला लागले.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंना विचारलं, कार्य शून्य, तर मी दमले कशी? बाई हसल्या. “घागरीवर कार्य झालं नाही, पण तुझे स्नायू ऊर्जा खर्चत होते ना!”

घरी येऊन सांगितलं. आईनं विचारलं, “आन् घागर उचलून ओट्यावर ठेवली तर?”

“ते मात्र कार्य.”

“मग ते रोज तू करायचं.”

लग्न होईपर्यंत केलं.