बीम बदलला तेव्हा

क्रांती माने मूळच्या औंधच्या. कराडला शिकल्या आणि तिथंच दोन खोल्यांच्या ऑफिसात एकोणीस वर्षं लोखंडी सांगाड्यांची गणितं करत राहिल्या. बोलणं कमी, सही त्याहून कमी.

गेल्या वर्षी एका साखर कारखान्यात रसाच्या टाकीसाठी उंच चौथरा उभा राहत होता. खालून ट्रॅक्टर-ट्रॉल्या जाणार, म्हणून खांबांमध्ये तिरप्या पट्ट्या लावता येत नव्हत्या. सांगाडा बाजूला डुलणार हे धरूनच क्रांतीबाईंनी आराखडा केला होता. काम विट्याचे ठेकेदार हंबीरराव यांच्याकडे होतं. ठरलेला बीम बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी हलका बीम सुचवला. बाईंनी तो वजनानं मोडत नाही एवढं तपासलं आणि सही केली.

टाकी भरायच्या चार दिवस आधी त्या दुसऱ्याच कामासाठी जुनं गणित चाळत होत्या. तिथं त्यांना चूक दिसली. खांबाची उंची सहा मीटर, पण तो वाकताना किती लांब असल्यासारखा वागेल, हे त्याची दोन्ही टोकं किती घट्ट धरली आहेत यावर ठरतं. पायथा दोन बोल्टांवर, जवळपास बिजागरीसारखा. वरचं टोक धरून ठेवणारा फक्त बीम, आणि तोच आता तिप्पट लवचीक होता. उंचीला लावायचा गुणक एक पूर्णांक नऊवरून दोन पूर्णांक तीनवर गेला होता. म्हणजे खांब वाकण्याआधी पेलेल तो भार सुमारे तीस टक्क्यांनी घटला होता.

त्याच सकाळी त्या कारखान्यावर गेल्या. टाकी भरू नका, चूक माझी आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. गाळप तोंडावर आलं होतं.

हंबीररावांना पटेना. "मॅडम, खांब त्योच, उंची तीच. मग ताकद कशी कमी झाली?"

बाईंनी त्यांच्याच हातातली पोलादी पट्टी घेतली. खालचं टोक जमिनीवर टेकवलं, वरचं सैल धरून दाबलं. पट्टी लगेच वाकली. मग तिचं खालचं टोक दोन विटांमध्ये आवळायला लावलं आणि तसंच दाबलं. पट्टीनं जास्त जोर घेतला.

"बीम आता काढता येत नाही, आबा," त्या म्हणाल्या. "म्हणून खाली घट्ट करायचं."

हंबीररावांनी पट्टी स्वतः दाबून पाहिली. "व्हय. मग पाया बी वाढवाया लागंल."

पायथ्याच्या पट्ट्या जाड केल्या, बोल्ट वाढवले, पाया रुंद केला. गुणक एक पूर्णांक सहापर्यंत खाली आला, मूळ आराखड्यापेक्षाही चांगला. अकरा दिवस गेले. टाकी भरली तेव्हा बाईंनी मोजणीच्या दुर्बिणीतून खांबांच्या रेषा तपासल्या. सरळ होत्या.

त्या कारखान्यानं पुढचं काम दुसऱ्याला दिलं. क्रांतीबाईंनी त्याबद्दल कुणाकडं काही विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सांगलीच्या एका गोदामाचं काम आलं, त्यात त्या गुंतल्या.