क्रीम पर्सवरचा निळा पट्टा

जाऊबाईंनी माझी पर्स परत दिली ती हातात नाही. मी पतसंस्थेतून घरी आले तेव्हा ती माझ्या पलंगावर होती, पुढची बाजू वर, मागची गादीला टेकवलेली. कपडे बदलले, चहा घेतला आणि कपाटात ठेवायला पर्स उचलली तेव्हा मागची बाजू दिसली. क्रीम रंगावर तळापासून अर्ध्यापर्यंत निळा-काळपट पट्टा. मध्ये गडद, कडेला धुरकट. बोटाने चोळून पाहिलं तर बोटाला काही लागलं नाही. रंग नुसता वर बसलेला नव्हता, आत मुरला होता.

पर्स नवऱ्याने आणलेली. तो जहाजावर असतो, कुठल्याशा बंदरावरच्या दुकानात घेतली म्हणाला. खऱ्या चामड्याची नाही, आपण रेक्झिन म्हणतो त्यातलीच, पण मऊ आणि दिसायला छान. मी ती मोजक्याच वेळा वापरली होती. आणि जाऊबाईंना मी ती स्वतःहून दिलेलीही नव्हती. त्यांच्या मुलीला दापोलीला कृषीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, तिला हॉस्टेलवर सोडायला त्या जाणार होत्या. सासूबाईंनी जेवताना मला फर्मावलं, "तुझी ती पांढरी पर्स दे गो हिला. चार माणसांत जायचंय." जाऊबाईंनी मान वर केली नाही. मी खोलीत जाऊन पर्स रिकामी केली आणि आणून ओट्यावर ठेवली.

पुतणी गेल्यावर घरात आम्ही तिघीच उरलो. मोठे दीर लोट्याला कारखान्यात, सुट्टीला येणारे. माझा नवरा समुद्रावर. त्यामुळे भांडण सोडवायला कोणी नव्हतं आणि ऐकायला मात्र सासूबाई होत्या. जाऊबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मी नोकरीला जायचे, दोन वेळचा स्वयंपाक त्यांच्यावर पडायचा, आणि रविवारी मी केलेल्या आमटीत त्या सगळ्यांदेखत मीठ घालायच्या. मीही काही कमी नव्हते. त्यांनी घडी घातलेले माझे कपडे मी त्यांच्यासमोर उलगडून पुन्हा घडी घालायचे.

त्या संध्याकाळी मी पर्स घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्या बांगडे तळत होत्या. मी डाग दाखवला. त्यांनी बांगडा उलटला आणि म्हणाल्या की पर्स नेली तेव्हाच अशी होती. मी म्हटलं, मी स्वतः पुसून दिली होती. मग त्या म्हणाल्या की एसटीच्या सीटचा रंग लागला असेल, सीट निळी होती. मी डागाकडे नीट पाहिलं. सीटचा असता तर तो तळाला लागला असता. हा मागच्या बाजूला, खांद्यावर पर्स अडकवली की कमरेला आणि मांडीला घासते बरोबर तिथे होता. माझ्याच नव्या जीन्सने एकदा पांढऱ्या कुर्त्याची आतली बाजू अशीच निळी केली होती. पण जाऊबाई घरातून निघाल्या होत्या पंजाबी ड्रेसवर, आणि आल्याही ड्रेसवरच. त्यांना जीन्समध्ये मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"वहिनी, डाग कशाचा आहे ते सांगा. त्यावर तो काढायचा कसा ते ठरतं."

"मला काय ठाऊक. तुझी पर्स, तुझं तू बघ."

मी बघितलं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले, पांढरं फडकं पिळून हलक्या हाताने पुसलं. फडक्यावर फिकट निळं आलं, पण पट्टा जागचा हलला नाही. मोबाईलवर शोधलं, तेव्हा बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: जीन्सचा रंग जितके दिवस राहील तितका आत जातो, घासायचं नाही, टिपायचं, उन्हात ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली. आधी पर्सच्या तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात कापसाने थेंबभर लावून पाहिलं. क्रीम रंग सुटला नाही, चकाकी गेली नाही. पण अंधारून आलं होतं, दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंग नीट कळेना. सासूबाईंसमोर, जाऊबाईंना ऐकू जाईल असं मी सांगितलं की शनिवारी अर्धा दिवस आहे तेव्हा उजेडात करीन, तोपर्यंत कोणी पर्सला हात लावू नका.

शनिवारी दुपारी घरी आले तर मागच्या पडवीतून वास येत होता. नखांचं पॉलिश काढायच्या औषधाचा. जाऊबाई पाटावर बसलेल्या, मांडीवर माझी पर्स, बाजूला पुतणीच्या खोलीतली ती छोटी बाटली. कापसाचा बोळा घेऊन त्या जोर लावून घासत होत्या. बोळ्यावर निळं होतंच, पण क्रीमही होतं. त्यांनी घासलेला रुपयाएवढा भाग निस्तेज झाला होता. मी बोट लावलं तर चिकटलं. वरचा थरच विरघळला होता, आणि त्या ओल्या थरात निळा रंग आणखी पसरला होता.

मी पर्स ओढून घेतली. सासूबाई आत झोपल्या होत्या म्हणून आम्ही दोघी दबक्या आवाजात भांडलो. ओरडून भांडताना निम्मं बोलणं वाया जातं. दबक्या आवाजात माणूस शब्द निवडून मारतो. मी म्हटलं की आधी खराब केलीत, मग खोटं बोललात, आणि आता मुद्दाम वाट लावलीत, कारण माझ्या नवऱ्याने मला काही आणलेलं तुम्हाला बघवत नाही. त्यांच्या हातातला बोळा तसाच होता. त्यांनी तो बाजूला टाकला.

"हो, घातली जीन्स," त्या म्हणाल्या. "पोरगी म्हणाली, आई, एकदा घाल. दापोलीत आपल्याला कोण ओळखतं. तिथल्या दुकानात घेतली, तिच्या हॉस्टेलवर बदलली आणि दिवसभर तिच्याबरोबर हिंडले. घाम आला, पर्स मांडीला घासत होती. संध्याकाळी पाहिलं तेव्हा लागलेलं होतं."

"मग तेव्हाच सांगायचं होतं. त्याच दिवशी पुसलं असतं तर निघालं असतं."

"कुणाला सांगायचं? तुला? म्हणजे तू रात्री जेवताना आईंसमोर वाढून ठेवायला मोकळी. तुझ्या कपाटात चार जीन्स आहेत. तुला या घरात एकानेही विचारलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा गाऊनवर अंगणात गेले म्हणून आठ दिवस बोलणी खाल्ली होती."

मला त्यांची दया आली असती तर लिहायला बरं वाटलं असतं. आली नाही. मला वाटलं, तुम्ही खाल्लीत त्यात माझ्या पर्सचा काय दोष. आणि तसंच मी म्हणालेही. त्या उठून आत गेल्या.

मी पडवीच्या कडेला सावलीतल्या उजेडात बसले. चिकट झालेल्या भागाला हात लावला नाही, तो सुकू दिला. बाकीच्या पट्ट्यावर अल्कोहोलने ओला केलेला कापूस टेकवायचा, क्षणभर धरायचा, उचलायचा, निळा झाला की टाकून नवा घ्यायचा. कडेकडून मध्ये, म्हणजे रंग बाहेर पसरत नाही. थोडं झालं की ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं आणि मग पुढे. कापसाचे निळे बोळे साठत गेले. पट्टा हळूहळू फिका होत होता.

तेवढ्यात सासूबाई उठून आल्या. वास कसला, पसारा कसला, म्हणून विचारलं. मागोमाग जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंनी पर्स हातात घेऊन पाहिली आणि मला विचारलं की हा रंग कसला.

सांगायला माझ्या जिभेवर होतं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ती संधी समोर होती. तरीही का कोण जाणे, मी म्हणाले की पेन फुटलं असेल. जाऊबाईंचं नाव सासूबाईंच्या हातात द्यायचं मला जड गेलं, की त्यांच्यावर उपकार करून ठेवायचे होते, ते मला आजही सांगता येणार नाही. जाऊबाईंनी मात्र उपकाराचाच अर्थ घेतला. त्यांचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला.

"पेन नाही, आई," त्या म्हणाल्या. "जीन्सचा रंग आहे. माझ्या जीन्सचा. दापोलीला घातली होती." आणि माझ्याकडे वळून, तितक्याच शांतपणे, "तुझे उपकार नकोत मला."

सासूबाईंनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली. या वयात, एवढंच म्हणाल्या, आणि आत गेल्या. त्या रात्री त्यांनी जाऊबाईंच्या हातचं जेवण घेतलं नाही, दूध पिऊन झोपल्या. पुढचे कितीतरी दिवस घरात तीन बायका आणि तीन बाजू होत्या. मोठे दीर सुट्टीला आले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी बायकोला विचारलं, घातलीस का. त्या हो म्हणाल्या. बरं, म्हणाले, आणि आंघोळीला गेले. इतक्या वर्षांच्या धाकाचा असा निकाल लागला हे पाहून जाऊबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी जाऊबाई भांडी आपटत होत्या.

पर्सचं म्हणाल तर निळा रंग बराचसा गेला. उजेडात तिरकं धरलं तर एक सावली दिसते, ती निघणार नाही. रंग थराच्या आत गेला तो गेला. मी एकदा मॅजिक स्पंज म्हणून मिळतो त्याने कडेला जरा पुसून पाहिलं, पण त्याने चकाकी जायला लागली तेव्हा थांबले. पॉलिशच्या औषधाने झालेला भाग सुकून कडक झाला, आता तिथे खरखरीत, निस्तेज ठिपका आहे. मी पर्स वापरते, ती बाजू अंगाकडे ठेवून.

जाऊबाईंनी जीन्स फेकली नाही. उलटी करून गार पाण्यात वेगळी भिजवली, निळं पाणी सुटायचं थांबेपर्यंत परत परत धुतली आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोर पुढच्या दोरीवर वाळत घातली. मुलीला भेटायला जाताना त्या आता घरातूनच ती घालून निघतात. सासूबाई तेवढ्या वेळेपुरत्या देवघरात जाऊन बसतात.

त्यानंतर जाऊबाईंनी माझ्याकडे काही मागितलं नाही, आणि मीही देऊ केलं नाही. आमटीत मीठ घालणं मात्र बंद झालं. त्या आता माझी आमटी घेतच नाहीत.