वेळेचा परिणाम नगण्य

पुण्याहून बंगळूरला पीएचडीला आले तेव्हा मराठी बोलायला मला एकच माणूस होता: आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इकडचंच. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं असे. "स्वल्प थांब गं अक्का, ओव्हन तापू दे," असं ते म्हणाले की मला उगाचच घरी आल्यासारखं वाटायचं.

आमचं काम म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या इपॉक्सी या गोंदाने चिकटवायच्या, ओव्हनमध्ये पक्क्या करायच्या आणि मशीनवर ओढून जोड किती ताकदीला तुटतो ते बघायचं. तीन गोष्टी बदलायच्या होत्या: ओव्हनचं तापमान, आत ठेवण्याचा वेळ आणि पट्टी किती खरखरीत घासायची ते. प्रत्येकीच्या दोन पातळ्या, म्हणजे एकूण आठ वेगवेगळ्या जुळण्या. प्रत्येक जुळणी दोनदा, म्हणून सोळा प्रयोग. कोणता कधी करायचा हे चिठ्ठ्या काढून ठरलं होतं.

अण्णांना ते पटेना. "गरम गरम सगळे आज करू, कमी तापमानाचे उद्या. ओव्हन सारखा तापवायचा न् थंड करायचा, हे कुठलं शहाणपण?"

"उद्या हवा दमट असली तर? फरक तापमानाने पडला की हवेने, कसं कळणार?"

"सरी, तसंच करू," अण्णा म्हणाले आणि पुढची चिठ्ठी त्यांनी स्वतः उचलली. ओव्हन निवायची वाट बघत आम्ही दुपारभर बसायचो. ते पट्ट्या घासायचे, मी माझ्या घरच्या गोष्टी सांगायचे.

सोळावा जोड तुटला त्या महिन्यात अण्णा निवृत्त झाले आणि शहराबाहेर, देवनहळ्ळीला मुलाकडे राहायला गेले. मी पेपर लिहायला घेतला. सरासऱ्या काढल्या. जास्त वेळ ठेवलेल्या आठ जोडांची सरासरी आणि कमी वेळ ठेवलेल्या आठांची, दोन्ही जवळपास सारख्या. मी लिहून टाकलं: 'वेळेचा परिणाम नगण्य.' तापमान आणि वेळ यांच्या इंटरॅक्शनचा, म्हणजे एकाचा परिणाम दुसऱ्यावर किती अवलंबून आहे याचा, आकडा मोठा आला होता, तो कोष्टकाच्या तळाशी तसाच ठेवला. त्यावर एक ओळही लिहिली नाही.

एका रविवारी हेब्बाळहून बस धरून अण्णांना भेटायला गेले. मसुदा सोबत होता. निमित्त म्हणून असेल. त्यांना ऐकू कमी येत होतं. मी कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "अण्णा, वेळेने काही फरक पडत नाही असं निघालं!"

"मग ते तपकिरी झालेले? जास्त गरम ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवलेले? ते तर पटकन तुटायचे की. वहीत लिहून ठेवलंय मी."

"पण सरासरी—"

"कमी गरमात जास्त वेळ ठेवले तेच तर घट्ट बसले होते, अक्का. दोन्ही मिळवलंस तर काय उरणार?"

परतीच्या बसमध्ये मी मांडीवर कागद घेऊन जोडांच्या ताकदीच्या दोन रेषा काढल्या. कमी तापमानाची रेषा वेळेबरोबर वर जात होती, जास्त तापमानाची खाली. एकमेकींना छेदून. एकीने जेवढं कमावलं तेवढंच दुसरीने घालवलं होतं, आणि सरासरीत दोन्ही नाहीशी झाली होती.

ते वाक्य मी खोडलं. वेळेचा परिणाम प्रत्येक तापमानाला वेगळा मांडला आणि इंटरॅक्शनची चर्चा आधी आणली. खरखरीतपणाचा परिणाम मात्र सगळीकडे सारखाच होता, तो एकटा सांगता आला. गाइडबाईंनी वाचून विचारलं, "हे आधी का नव्हतं?" मी अण्णांचं नाव सांगितलं. आभाराच्या ओळीत ते आलंही.

पेपर छापून आला तेव्हा मी फोन केला. सूनबाईंनी उचलला. "मामंजींना फोनवर काहीच ऐकू येत नाही आता," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "येऊन जा ना." येते म्हटलं. मग प्रबंध आला, मग नोकरी आली, जयनगरला घर बदललं. एवढ्याशा अंतराला मी दोन वर्षं लावली.

गेले तेव्हा अण्णांनी मला ओळखलं, पण मराठी त्यांच्या तोंडून फारशी निघेना. घरात ती बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसून पट्ट्यांबद्दल, ओव्हनबद्दल मोठमोठ्याने बोलत राहिले. ते हसत होते, मान डोलावत होते. किती पोचत होतं कोण जाणे. निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. सूनबाईंनी चहा आणला, तो गार झाला तरी त्यांनी हात सोडला नाही.