आबांच्या फोटोतली जागा

मुखेडच्या बसस्टँडसमोर राजशेखरचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर नाव मालकाचं, पण गिऱ्हाईक आत शिरलं की विचारतं, "रामलिंग हाय का?" राजशेखरला त्याचा राग येत नाही. गिऱ्हाईक येतंय ना, बस झालं.

हा रामलिंग त्याच्याकडं कामाला, पण कॅमेरा काही त्याला जमला नाही. लग्नात नेलं तर नवरा-नवरी सोडून मांडवाच्या झालरी बघत बसायचा. शेवटी राजशेखरनं वैतागून त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि तिथं मात्र पोरगं रुळलं. आधी पासपोर्ट फोटो कापले, मग लग्नाचे अल्बम जोडले, आणि होता होता मेलेल्या माणसांचे फोटो हे त्याचं खास काम होऊन बसलं. आपल्याकडं माणूस जिवंत असताना त्याचा धड फोटो कुणी काढत नाही. मेल्यावर धावाधाव. मग कुणी भिजलेला फोटो आणतं, कुणी फाटका, कुणी आधार कार्डच पुढं करतं. आधारवरच्या फोटोत अख्ख्या जिल्ह्यातली माणसं चोरी करताना सापडल्यासारखी दिसतात, ते काय भिंतीवर लावायचं!

अलीकडं हे काम सोपं झालं. फाटक्या किंवा नको त्या भागाभोवती रेघ मारायची आणि बटण दाबायचं. तिथं काय असायला हवं ते एआय आपल्या मनानं भरून देतं, आणि एका दमात तीन-तीन नमुने देतं. राजशेखर म्हणायचा, "आलंय की झकास! घे पहिलंच आणि दे प्रिंट."

"थांबा की मालक," रामलिंग म्हणायचा. "ह्याचा खांदा बरा हाय, पण टोपी दुसऱ्यातलीच खरी वाटायली."

मशीन भरलेला भाग मूळ फोटोवर वेगळ्या थरात ठेवतं, काचेवर काच ठेवावी तसा. मग रामलिंग त्या थराच्या नकला काढायचा. एकीवर पहिला नमुना ठेवायचा, दुसरीवर दुसरा, तिसरीवर तिसरा. प्रत्येकीला मास्क लावायचा. मास्क म्हणजे झाकणच. काळा ब्रश फिरवला की थर तेवढ्यापुरता झाकला जातो, पांढरा फिरवला की उघडतो. असं करत एकातला खांदा, दुसऱ्यातली टोपी, तिसऱ्यातली मागची भिंत उघडी ठेवायची आणि बाकीचं झाकून टाकायचं. खालचा मूळ फोटो तसाच राहतो, त्याला धक्का नाही. इस्लापूरहून एक बाई नवऱ्याचा खांद्यापासून फाटलेला फोटो घेऊन आली होती. काम झाल्यावर ती पडद्याला हात लावून रडली. "मशीन एकच गोष्ट नीट करतं, सगळ्या न्हाई. निवडावं लागतं," असं रामलिंग तेव्हा राजशेखरला म्हणाला होता. त्याला या निवडण्याचा अभिमान होता, आणि असावाच.

पण तो अभिमान त्याच्याच घरात कसा कामी आला, ते ऐका.

रामलिंगच्या वडिलांना, शिवलिंगआबांना, जाऊन वर्ष होत आलं. पुण्यस्मरणाचा कार्यक्रम ठरला. सगळं हातात घेतलं चुलत्यानं, आप्पासाहेबानं. आबा होते तेव्हापासूनच घरात शब्द चालायचा तो त्याचाच. आता फोटो लागणार. आबांचा चांगला म्हणावा असा एकच फोटो, तोही रामलिंगनंच मोबाईलवर काढलेला. धाकटी बहीण सुकन्या लातूरला नर्सिंग पास झाली, त्या दिवशीचा. हॉस्टेलच्या भिंतीपुढं आबा उभे, कडक पांढरा सदरा, डोईवर टोपी, आणि उजवा हात सुकन्याच्या डोक्यावर. आबा कधी दात दाखवून हसले नाहीत, पण त्या फोटोत हसलेत.

पुढं त्याच सुकन्यानं लातूरलाच रजिस्टर लग्न केलं. पोरगा जातीबाहेरचा. झालं! आप्पासाहेबानं फर्मान काढलं की आपल्याला पोरगी नव्हतीच. आबा काही बोलले नाहीत, हो म्हटलं नाही की नको म्हटलं नाही, आणि असेच न बोलता गेले. मातीलाही तिला येऊ दिलं नाही. ती फक्त रामलिंगला गुपचूप फोन करायची. या वेळी तिनं एवढंच मागितलं होतं, "अण्णा, मला बोलावू नका, माझं काही म्हणणं न्हाई. पण आबांचा तोच फोटो लावा. बस तेवढं."

रामलिंगनं हो म्हटलं होतं. तोंडभर हो म्हटलं होतं.

आप्पासाहेब स्टुडिओत आला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच बोलला, "ह्योच फोटो घ्यायचा. फक्त ती पोरगी काढून टाक."

"आप्पा, तिच्या डोक्यावर हात हाय आबांचा."

"मग? तू लोकांचे मुडदे उभे करतोस, एवढं जमंना व्हय? बिलोलीचे पाव्हणे येणार हायत तुला बघायला. त्यांनी ईचारलं ही कोण, तर काय सांगू? न जमलं तर सांग, आधारचा फोटो मोठा करून लावतो."

आता बघा, इथं त्याला वाट होती. म्हणायचं होतं, जमत न्हाई. आधारचा फोटो लागला असता, आबा चोरासारखे दिसले असते, दिसू द्यायचे होते! पण बारा ठिकाणचे नकार पचवल्यावर त्याला ही बिलोलीची सोयरीक आली होती, आणि आप्पासाहेबापुढं रामलिंगच्या तोंडाला कुलूप लागायचं. तो म्हणाला, "बघतो करून." भेकडाची भाषा ही, दुसरं काय.

दुपारी त्यानं सुकन्याभोवती रेघ मारली. तिची भिंतीवरची सावलीही आत घेतली, कारण सावली राहिली की मशीनला वाटतं इथं कुणीतरी आहे. तरी पहिल्या नमुन्यात तिच्या जागी दुसरीच एक पोरगी येऊन उभी राहिली, ओळख ना पाळख, आबांच्या हाताखाली. रामलिंग दचकला. दुसऱ्यात भिंत बरी, पण आबांच्या बाहीला घडीच नाही. तिसऱ्यात बाही छान, हाताला मात्र सहा बोटं.

तेव्हाही वाट होती. पहिला नमुना तसाच आप्पासाहेबापुढं टाकायचा आणि हात वर करायचे, "बघा, मशीन ऐकत न्हाई." आप्पासाहेबाला काय कळणार होतं? पण रामलिंगच्या आत तो दुसरा माणूस जागा झाला, पहिलं आलेलं कधीच न घेणारा. त्यानं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तीन नमुने. मोठा भाग एकदम भरला की तो पुसट येतो, म्हणून बाही वेगळी केली, भिंत वेगळी, बोटांच्या खालची जागा वेगळी. नकला काढल्या, मास्क लावले. ह्यातली भिंत, त्यातली बाही. तळव्याची खालची कड तिच्या केसांत बुडालेली होती, ती एका नमुन्यात नेमकी आली. बाकी आबांचा हात मूळचाच ठेवला, त्यावर एआयला बोट लावू दिलं नाही. भरलेला भाग फार गुळगुळीत दिसत होता, त्याला मोबाईलच्या फोटोसारखा बारीक दाणा दिला. काम रंगात आलं तसा तो गुणगुणायला लागला. खरंच सांगतो, गुणगुणायला लागला. त्या वेळी पडद्यावर त्याला बहीण दिसत नव्हती, नीट न भरलेली जागा दिसत होती.

राजशेखर मागं येऊन उभा राहिला. "आई शप्पथ! इथं कुणी होतं असं वाटतच न्हाई की रे."

आबांचा हात आता हवेत होता. पण असा, की समोरच्याला आशीर्वाद देत आहेत. आप्पासाहेब बघून खूश झाला. "हे तर मठातल्या स्वामींवानी झालं! फ्लेक्स मोठा कर."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी रामलिंग स्टुडिओत फ्रेम न्यायला आला. काच पुसत होता, तेवढ्यात दारात सुकन्या. लातूरच्या गाडीनं उतरली होती, खांद्याला पर्स, पायात धूळ.

"घरी येणार न्हाई," ती आधीच म्हणाली. "मांडवाच्या मागं उभी राहून फोटो बघून जाणार होते. पण स्टँडवरच फ्लेक्स दिसला."

रामलिंगनं फ्रेम टेबलावर पालथी ठेवली. मग तो घाईघाईनं कॉम्प्युटरकडं वळला. "सुका, इकडं बघ. मी तुला काढलंच न्हाई. हे बघ, तू खाली हायस, नुसतं झाकून ठेवलंय." त्यानं फाइल उघडली आणि वरचा एक थर बंद केला. भिंतीतून सुकन्याची ओढणी बाहेर आली. दुसरा बंद केला, खांदा आला. तिसरा, चौथा. शेवटी ती अख्खी आली, आबांच्या हाताखाली, पास झाल्याच्या आनंदात. "बघ! कवाबी परत आणता येतं. काहीच गेलं न्हाई."

सुकन्या पडद्याकडं बघत राहिली. बाजूला थरांची रांग होती, एकाखाली एक.

"हे इतके कशाला, अण्णा?"

"एकात सगळं नीट येत न्हाई ना. ह्याच्यात बाही बरी आली, ह्याच्यात भिंत..." तो बोलता बोलता थांबला. पण उशीर झाला होता.

"म्हणजे एकदा काढून भागलं न्हाई," ती म्हणाली. "फ्लेक्स बघून मला वाटलं, आप्पांनी कुणाकडून तरी करून घेतलं असंल. नाहीतर तुझ्या मागं लागले असतील आणि तू एक बटण दाबून मोकळा झाला असशील. तेवढं मी समजून घेतलं असतं, तुला घरात राहायचंय. पण तू परत परत पुसलंस मला. आणि कशात मी सगळ्यात कमी दिसते ते निवडून घेतलंस."

"सुका, तसं न्हाई गं. काम म्हणून..."

"काम लई चांगलं झालंय," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "वाईट केलं असतंस तर बरं झालं असतं रे अण्णा. कुठंतरी माझी एखादी बांगडी तरी राहिली असती."

ती वळली आणि रस्ता ओलांडून स्टँडात गेली. रामलिंगचा फोन वाजत होता. आप्पासाहेब विचारत होता, पाव्हणे आलेत, फोटो कुठं राहिला?

"आणतो," रामलिंग म्हणाला, आणि त्यानं फ्रेम उचलली.